देवनागरी उंची मागते

इंग्रजी सादरीकरण मराठीत करून द्यायचं काम आलं की बहुतेक जण आधी शब्द मोजतात. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांब होईल आणि चौकटीच्या उजव्या कडेबाहेर जाईल, ही त्यांची काळजी असते. प्रत्यक्षात मजकूर उजवीकडे क्वचितच सांडतो, कारण ओळ भरली की पॉवरपॉइंट शब्द खालच्या ओळीवर नेतं. मजकूर सांडतो तो खालून. रुंदीपेक्षा उंची आधी संपते, आणि ती संपण्याचं कारण भाषांतरात कमी, लिपीत जास्त असतं.

रोमन अक्षरं एका आधाररेषेवर उभी असतात. त्यातली काही थोडी वर जातात, काही थोडी खाली. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं आणि त्याच्या वरही मजला असतो, खालीही असतो. 'मूर्ती' हा शब्द पाहा. म च्या खाली दीर्घ ऊकार, त च्या वर दीर्घ ईकाराची वेलांटी, तिच्यावर रफार. हा शब्द एका ओळीत आणि त्याच्या बरोबर वरच्या ओळीत 'शुश्रूषा' आला, तर वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीचा रफार एकाच पट्ट्यात येतात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं तर फाँट बनवणाऱ्याला ओळीची उंची आधीच जास्त ठेवावी लागते. म्हणून अठरा पॉइंटांची इंग्रजी ओळ आणि अठरा पॉइंटांची मराठी ओळ उंचीला सारख्या नसतात.

फरक किती, तो आकड्यांत पाहू. `Calibri` या फाँटमध्ये एका ओळीची नैसर्गिक उंची अक्षराच्या मापाच्या सुमारे १.२२ पट असते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेल्या `Mukta` या फाँटमध्ये ती सुमारे १.६६ पट आहे. म्हणजे अठरा पॉइंटांवर इंग्रजी ओळ साधारण २२ पॉइंट उंची घेते, मराठी ओळ साधारण ३०. इंग्रजीच्या चार ओळींना लागते तेवढ्या जागेत मराठीच्या जेमतेम तीन बसतात. वाक्य कितीही आटोपशीर लिहा, हे गणित बदलत नाही. भाषांतर सुरू करण्याआधी ते मांडलं, तर पुढची निम्मी कटकट वाचते.

आता एक स्लाइड घेऊ. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी बालकांच्या जुलाबावर केलेलं इंग्रजी सादरीकरण आहे, असं धरा. एका स्लाइडवर शेजारी शेजारी तीन रंगीत चौकटी आहेत: ओआरएस, झिंक आणि धोक्याची लक्षणं. स्लाइड नेहमीच्या १६:९ मापाची, म्हणजे ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच. प्रत्येक चौकट १० सेंटिमीटर रुंद. पॉवरपॉइंट चौकटीच्या आत डावी-उजवीकडे साधारण पाव सेंटिमीटर आणि वर-खाली त्याच्या निम्मं अंतर आपोआप सोडतं. तेव्हा मजकुराला साडेनऊ सेंटिमीटर रुंदी उरते. पॉइंटांत ती सुमारे २७० होते.

चौकटीत इंग्रजीच्या अठरा पॉइंटांच्या पाच ओळी नेमक्या बसलेल्या आहेत. पाच ओळींचे ११० पॉइंट आणि वर-खालच्या अंतराचे सात, अशी चौकट ११७ पॉइंट उंच, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटरांपेक्षा थोडी कमी. त्याच पाच ओळी `Mukta`मध्ये लिहिल्या तर १५७ पॉइंट लागतील. चार ओळी १२७ पॉइंट घेतील, म्हणजे त्याही दहा पॉइंटांनी बाहेर. पण ओळींमधलं अंतर ९० टक्क्यांवर आणलं, तर चार ओळी ११५ पॉइंटांत मावतात. `Mukta`च्या ओळीत हवा भरपूर असल्याने ९० टक्क्यांपर्यंत मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. ८० टक्क्यांवर 'शुश्रूषा'खाली 'मूर्ती' आली की भिडतात. तेव्हा चौकट आणि अक्षराचं माप आहे तेच ठेवायचं असेल तर भाषांतरकाराच्या हाती चारच ओळी आहेत. लिहायला बसण्याआधी एवढं कळलं पाहिजे.

हे गणित न मांडता लिहिलेलं भाषांतर कसं होतं? सरकारी वळणाचं हे वाक्य बघा: 'प्रत्येक वेळी पातळ शौच झाल्यानंतर बाळाला मौखिक पुनर्जलीकरण द्रावण पाजण्यात यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यामध्ये एक संपूर्ण पाकीट विरघळवावे. तयार करण्यात आलेले द्रावण २४ तासांच्या आत वापरावे व उरलेले टाकून द्यावे.' अर्थ बिनचूक आहे. पण अठरा पॉइंटांवर याच्या सात-आठ ओळी होतात. त्यांना दोनशेहून जास्त पॉइंट उंची लागते आणि आपल्याकडे आहेत ११०.

इथे पॉवरपॉइंट मदतीला धावून येतं आणि सगळ्यात मोठं नुकसान करतं. मजकूर चौकटीत मावत नसेल तर आपोआप लहान करण्याची सोय त्यात आहे. `Format Shape`च्या उपखंडात `Text Box`खाली ती `Shrink text on overflow` या नावाने दिसते. स्लाइडच्या मूळ साच्यातून आलेल्या मजकुराच्या चौकटींना ती बहुधा आधीच लागू असते. ही सोय दोन गोष्टी करते: अक्षराचं माप टप्प्याटप्प्याने उतरवते आणि ओळींमधलं अंतरही कमी करते. फाइलच्या आत तिची नोंद अशी सापडते:

```
<a:bodyPr>
  <a:normAutofit fontScale="77500" lnSpcReduction="20000"/>
</a:bodyPr>
```

पहिला आकडा सांगतो की अक्षर मूळ मापाच्या ७७.५ टक्के केलं आहे. अठराचे जवळजवळ चौदा झाले. दुसरा आकडा सांगतो की ओळींमधलं अंतर वीस टक्क्यांनी घटवलं आहे. इंग्रजीला वीस टक्के घट सहज पचते, कारण तिथे दोन ओळींच्या मध्ये रिकामी जागाच असते. देवनागरीत त्या जागेत रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि उकार राहतात. म्हणून आपोआप आखडलेला मराठी मजकूर मधल्या रांगेतून वाचवत नाही. नुसता लहान झाला म्हणून नव्हे, तर एका ओळीचा उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांटीवर बसतो म्हणून.

दुसरं नुकसान पूर्ण सादरीकरण एकत्र पाहिल्यावर कळतं. ही घट प्रत्येक चौकटीची वेगळी होते. शेजारच्या तीन चौकटींपैकी एकीत अक्षर अठराचं, दुसरीत साडेसोळाचं, तिसरीत चौदाचं. प्रेक्षकाला मापं कळत नाहीत, पण तिसरी चौकट कमी महत्त्वाची आहे असं त्याला नकळत वाटतं. आपल्या स्लाइडवर तिसरी चौकट धोक्याच्या लक्षणांची आहे. मजकूर जास्त म्हणून तीच सगळ्यात बारीक दिसणं मला मान्य नाही.

ही घट ओळखायची कशी? एखाद्या ओळीत कर्सर ठेवला आणि मापाच्या खिडकीत १८ किंवा २० ऐवजी १६.७ किंवा १४ असा अनपेक्षित आकडा दिसला, तर समजा की चौकट आखडली आहे. आणखी एक बारीक गोष्ट आहे. भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरून फाइलमधला मजकूर बाहेरून बदलला, तर हे आकडे इंग्रजी मजकुराचेच राहतात. पॉवरपॉइंट त्यांचा नवा हिशोब त्या चौकटीतल्या मजकुराला हात लागल्यावर करतं. म्हणून बाहेरून भाषांतर होऊन आलेली फाइल उघडली की वरवर ठीक दिसते. मग आयत्या वेळी कुणी एक स्वल्पविराम दुरुस्त करतं आणि अख्खी चौकट डोळ्यांदेखत लहान होते.

माझं म्हणणं असं, की मराठी सादरीकरणात ही सोय `Do not Autofit` करून बंदच ठेवावी. मग मजकूर सांडला तर सांडलेला दिसतो. दिसला की दुरुस्त होतो.

लिहिण्याआधी आणखी एक काम उरतं, फाँट ठरवण्याचं. ते स्लाइडागणिक करायचं नसतं, साच्यात करायचं असतं. पॉवरपॉइंटच्या थीममध्ये शीर्षकासाठी आणि मजकुरासाठी फाँटांचे दोन संच असतात, आणि प्रत्येक संचात लिप्यांच्या गटांसाठी वेगळी जागा असते. रोमनचा फाँट एका जागी, चिनी-जपानी-कोरियनचा दुसऱ्या, आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांचा तिसऱ्या. साच्यात ते असं दिसतं:

```
<a:minorFont>
  <a:latin typeface="Calibri"/>
  <a:ea typeface=""/>
  <a:cs typeface="Mukta"/>
</a:minorFont>
```

इंग्रजी सादरीकरणात `cs`ची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. ती रिकामी असली की पॉवरपॉइंट थीममधल्या लिपीनिहाय यादीकडे पाहतं. ऑफिसच्या नेहमीच्या थीमच्या यादीत देवनागरीसमोर `Mangal` लिहिलेलं असतं. अडचण अशी, की विंडोज १० पासून `Mangal` प्रत्येक संगणकात आपसूक नसतो. तो देवनागरीच्या जादा फाँटांच्या ऐच्छिक संचात गेला आहे. मग तुमच्या संगणकावर एक फाँट दिसतो, प्रशिक्षण केंद्राच्या लॅपटॉपवर दुसरा. ओळीची उंची बदलली की चौकटीचं गणितही बदललं. 'माझ्याकडे तर नीट दिसत होतं' या तक्रारीमागे बहुधा एवढंच असतं.

यावर उपाय दोन. सादरीकरण कुणाच्या संगणकावर उघडलं जाईल याचा नेम नसेल, तर `cs`मध्ये `Nirmala UI` लिहावा. विंडोज ८ पासून तो विंडोजबरोबर येतो, त्याची ओळ त्यामानाने आटोपशीर आहे, आणि त्याचा जाड प्रकार खरा जाड आहे. दिसायला तो कोरडा आहे, हे मान्य. संस्थेचं छापील साहित्य `Mukta`त असेल आणि सादरीकरणही तसंच हवं असेल, तर फाँट फाइलमध्येच घालून पाठवावा. `File`, `Options`, `Save` या वाटेने गेलं की तळाशी `Embed fonts in the file` हा पर्याय सापडतो. `Mukta` मुक्त परवान्याचा असल्याने तसं करायला आडकाठी नाही. आपल्या उदाहरणात मी हाच मार्ग धरतो. मॅकवर फाइल उघडली जाणार असेल तर मात्र एकदा तिथे पाहून घ्यावं. सोबत पीडीएफ प्रत द्यावी, ती कुठेही तशीच दिसते.

थीममध्ये फाँट लिहिला तरी काही चौकटी ऐकत नाहीत. मूळ करणाऱ्याने एखाद्या ओळीवर हाताने फाँट लावलेला असतो आणि तो थीमपेक्षा वरचढ ठरतो. `Home`मधल्या `Replace`च्या बाणाखाली `Replace Fonts` आहे. तिथे सादरीकरणात वापरलेल्या फाँटांची यादी मिळते, त्यातून असे चुकार फाँट गाठता येतात. त्याच फेरीत `Slide Master` उघडून ओळींमधलं अंतर बघावं. टक्क्यांत असेल तर ठीक. `Exactly` लावून पॉइंटांत बांधलेलं असेल तर ते आधी सोडवावं. इंग्रजीसाठी बांधलेले २२ पॉइंट मराठीच्या गळ्याशी येतात.

इंग्रजी शीर्षकांची जी सजावट असते, तिच्यातल्या तीन गोष्टी देवनागरीला चालत नाहीत. अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षक पसरट करण्याची इंग्रजीत फॅशन आहे. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते अंतर शून्यावर आणावं. तिरप्या अक्षरांची देवनागरीला परंपरा नाही. पॉवरपॉइंट सरळ अक्षरच यांत्रिकपणे वाकवतं, त्याऐवजी ठळक करावं किंवा रंग बदलावा. आणि ठळक करताना फाँटला स्वतःचा जाड प्रकार आहे ना, हे पाहावं. नसला तर सॉफ्टवेअर अक्षराच्या कडा फुगवतं, मग 'क्ष', 'ष', 'द्ध' यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. `Mukta`ला सात वजनं आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

आता लिहायला बसू. पहिली चौकट ओआरएसची. फाइलच्या आत तिचं पहिलं वाक्य असं ठेवलेलं आहे:

```
<a:r><a:rPr b="0"/><a:t>Give </a:t></a:r>
<a:r><a:rPr b="1"/><a:t>ORS</a:t></a:r>
<a:r><a:rPr b="0"/><a:t> after every loose stool</a:t></a:r>
```

मधला शब्द ठळक केल्यामुळे एका वाक्याचे तीन तुकडे झाले आहेत. तुकड्यागणिक भाषांतर करणाऱ्या साधनाच्या हाती हे गेलं, की 'द्या ओआरएस प्रत्येक पातळ शौचानंतर' असं काहीतरी बाहेर येतं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, मराठीत शेवटी. तुकडे आहेत त्याच क्रमाने ठेवून चालणारच नाही. वाक्य अख्खं घ्यायचं, मराठीत अख्खं लिहायचं, आणि ठळकपणा नंतर योग्य शब्दावर पुन्हा लावायचा. हाताने काम करत असाल तर पूर्ण परिच्छेद निवडून त्यावर लिहा. नाहीतर मराठी वाक्याचा नको तो भाग ठळक होऊन बसतो.

आपल्याकडे ओळी चार, आणि एका ओळीला २७० पॉइंट रुंदी. अठराच्या मापाला तेवढ्यात वीसेक अक्षरं मोकळेपणाने बसतात. चौकटीत असं लिहिता येईल:

'दर जुलाबानंतर ओआरएस पाजा.
१ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट.
तयार पाणी २४ तासांत संपवा.
उरलेलं टाकून द्या.'

चार वाक्यं, चार ओळी. एकही वाक्य दुसऱ्या ओळीवर जात नाही. जागा कुठून मिळाली ते पाहा. 'पाजण्यात यावे'चं 'पाजा' झालं, 'करण्यात आलेले' पूर्ण गळालं, 'पाण्यामध्ये'चं 'पाण्यात' झालं. मराठी मजकूर चौकटीत मावत नाही तेव्हा दोष बहुधा कार्यालयीन कर्मणी रचनेचा असतो. 'मौखिक पुनर्जलीकरण द्रावण' या तीन शब्दांऐवजी 'ओआरएस' आलं, कारण सेविकेच्या हातातल्या पाकिटावर तेच असतं आणि गावात आई तेच मागते. दुसऱ्या वाक्यात क्रियापदच नाही, तरी कुणाला काही कमी वाटत नाही.

काय गाळायचं नाही, हेही तितकंच ठरलेलं असावं. जागेच्या ओढाताणीत 'पूर्ण' हा शब्द पहिला बळी जातो, कारण तो विशेषण दिसतो. पण घरात अर्धं पाकीट अर्ध्या अंदाजाने मिसळलं जातं तिथेच ओआरएसचं प्रमाण बिघडतं. मीठ-साखरेचं प्रमाण हेच त्या औषधाचं औषधपण आहे. 'स्वच्छ' गेलं तर जुलाबावर पाजलेलं पाणीच जुलाबाचं कारण होऊ शकतं. '१ लिटर' आणि '२४ तास' हे आकडे तर हलवायचेच नाहीत. म्हणून मी 'विरघळवावे' काढलं आणि 'स्वच्छ' ठेवलं. चौकटीत बसवण्यासाठी काटछाट करणाऱ्याला विषयाची एवढी जाण लागते. नसेल तर ज्याला आहे त्याला विचारून मग कात्री लावावी.

झिंकच्या चौकटीत मुद्दा मुदतीचा आहे. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, आणि दोन्हींना १४ दिवस. 'रोज १ गोळी, सलग १४ दिवस. २ ते ६ महिने: अर्धी गोळी. जुलाब थांबले तरी बंद करू नका.' या तीन ओळी झाल्या, एक ओळ हाताशी उरली. ती भरायचा मोह टाळावा. तिन्ही चौकटींत अक्षर एकाच मापाचं राहणं महत्त्वाचं, ओळींची संख्या सारखी असणं नव्हे.

धोक्याच्या लक्षणांच्या चौकटीत वाक्यांची गरजच नाही: 'शौचात रक्त', 'दूध-पाणी पीत नाही', 'डोळे खोल गेले', 'ताप किंवा गुंगी'. पण या चौकटीच्या वर शीर्षकाची अरुंद पट्टी आहे, आणि तिथे रुंदीची अडचण येते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'आरोग्यसेविकांकडून', 'लसीकरणासाठी', 'अंमलबजावणीदरम्यान' असे शब्द एका दमात लांब होतात. पॉवरपॉइंट संयोगचिन्ह देऊन शब्द तोडत नाही. शब्द पट्टीपेक्षा रुंद झाला तर ते वाटेल त्या अक्षरावर तोडून उरलेला भाग खाली ढकलतं. मग 'आरोग्यसेविकां' एका ओळीत आणि 'कडून' दुसऱ्या ओळीत. अशा वेळी अक्षर लहान करू नये, शब्द बदलावा. 'आरोग्यसेविकांकडून तपासणी'ऐवजी 'नर्सबाईंना दाखवा' लिहिलं की पट्टी मोकळी होते आणि सूचनाही थेट पोचते. मूळ इंग्रजीत ओळ तोडण्यासाठी `Shift+Enter` दाबलेलं असेल, तर तो तोडही काढून टाकावा. इंग्रजी वाक्य जिथे मोडत होतं तिथे मराठी वाक्य मोडत नाही.

आलेख आणि चित्रं यांच्याबद्दल थोडक्यात. आलेखावरचे बहुतेक शब्द स्लाइडवर नसतात, आलेखाच्या पोटातल्या एक्सेलच्या पानावर असतात. तिथे बदलले नाहीत तर पुढच्या वेळी कुणी आकडा दुरुस्त केला की इंग्रजी नावं परत येतात. उभ्या अक्षावरचं शीर्षक एकाखाली एक अक्षरं रचून लिहू नये, देवनागरीत त्याने मात्रा आणि जोडाक्षरं सुटी पडतात. शब्द जोडलेला ठेवून तो २७० अंशांत फिरवावा. मोठे आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दाखवायचे तर आकड्यांच्या रचनेत हे लिहावं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

चित्रातच इंग्रजी शब्द भाजलेले असतील तर त्यावर पांढरा पट्टा चिकटवून काम भागवू नये. शब्दांविना मूळ चित्र मागवावं आणि नावं वेगळ्या चौकटींत लिहावीत. ज्यांच्याकडे जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतला मराठी मजकूर तयार आहे, त्यांनी तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. नाहीतर फाँट बदलताच तो निरर्थक चिन्हांचा ढीग होतो.

शेवटची तपासणी डोळ्यांनी करायची. सादरीकरणाची पीडीएफ काढावी आणि पडद्यावर चौपट मोठी करून प्रत्येक चौकटीच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीकडे पाहावं. पहिल्या ओळीतला रफार किंवा अनुस्वार रंगीत चौकटीच्या वरच्या कडेला चिकटला आहे का, शेवटच्या ओळीतला ऊकार खालच्या कडेबाहेर डोकावतो का. चिकटला असेल तर चौकटीच्या आतलं वरचं अंतर दोन-तीन पॉइंटांनी वाढवणं पुरतं. मग `Slide Sorter`मध्ये सगळ्या स्लाइडी एकत्र पाहाव्यात. शीर्षकांची मापं कमी-जास्त झाली असतील तर तिथे लगेच कळतं. आणि एकदा तरी फाइल अशा संगणकावर उघडावी, ज्यावर तुम्ही स्वतः कधी फाँट घातलेला नाही.

इतकं करूनही काही चौकटी मावत नाहीत. इंग्रजीच बारा पॉइंटांवर कोंबलेली असते, तिथे मराठीसाठी जादूची कांडी नाही. अशा स्लाइडच्या दोन कराव्यात. प्रशिक्षणाच्या सभागृहात मराठी मजकूर अठराखाली नेऊ नये, हा माझा नियम आहे, आणि स्लाइडींची संख्या वाढली तरी तो मी सोडत नाही.

हे वाचणाऱ्यांत इंग्रजी सादरीकरणं तयार करणारेही असतील. तुमचं काम पुढे मराठीत, हिंदीत किंवा कोकणीत जाणार आहे हे माहीत असेल, तर प्रत्येक चौकटीची उंची इंग्रजी मजकुराला लागते त्यापेक्षा निदान एक तृतीयांश जास्त ठेवा, आणि थीममधली `cs`ची जागा रिकामी सोडू नका.